नवी फी किती, आणि कुठल्या महिन्यापासून?

फेब्रुवारी संपत आला की माझ्या डीटीपीच्या टेबलाशी क्लासवाल्यांची ये-जा वाढते. बॅनर, पावती पुस्तकं, प्रवेश अर्ज, आणि सगळं सांगून झालं की खिशातून निघणारा एक घडी घातलेला कागद, फीवाढीच्या सूचनेचा. बॅनरवर काय लिहायचं ते ही मंडळी दुकानाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. ह्या कागदाच्या वेळी मात्र आवाज खाली येतो. "ताई, हे जरा व्यवस्थित करून द्या." व्यवस्थित म्हणजे काय हे मी आता विचारत नाही. वाढ आहे त्यापेक्षा कमी वाटली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत साताऱ्यातल्याच एका सरांनी असा कागद आणला. आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान, एक भाड्याचा हॉल. सर स्वतः शिकवतात, आणि हिशेबाची वही त्यांच्या मिसेस बघतात. माणूस सरळ. कागदावरचा मजकूर मात्र असा होता:

"सन्माननीय पालक, सप्रेम नमस्कार. आपल्या पाल्याच्या सर्वांगीण प्रगतीसाठी आमची संस्था गेली अनेक वर्षे अविरत प्रयत्नशील आहे हे आपण जाणताच. तथापि वाढती महागाई, जागाभाडे, वीजबिल, कर व इतर आनुषंगिक खर्च यांचा विचार करता संस्थेस नाइलाजाने शुल्करचनेत अल्पशी सुधारणा करणे क्रमप्राप्त झाले आहे. सदर सुधारित शुल्क नवीन सत्रापासून लागू राहील. अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा. आपण नेहमीप्रमाणे सहकार्य कराल ही अपेक्षा."

व्याकरणात खोट काढायला जागा नाही. टाइप करायला मला दहा मिनिटं लागली असती आणि माझे पैसे मिळाले असते. पण ह्यात एकही आकडा नाही. फी किती झाली हे कळायला पालकाने "कार्यालयाशी" संपर्क साधायचा, आणि हे कार्यालय म्हणजे सरांचा मोबाइल. तो संध्याकाळी पाच ते आठ बंद असतो, कारण तेव्हा सर शिकवत असतात.

मी विचारलं, "सर, आकडे कुठे आहेत?"

"आकडे आहेत, पण प्रत्येक इयत्तेचे वेगळे. शिवाय सुरुवातीलाच आकडा म्हणजे तोंडावर मारल्यासारखं होतं."

हे दुसरं कारण बहुतेक सगळे क्लासवाले देतात. मला ते कधीच पटलेलं नाही. पालक असा निरोप उघडतो तेव्हा त्याची नजर आकडाच शोधत असते, मधली वाक्यं तो ओलांडून जातो. आकडा सापडला नाही की तो ओळखीच्या दुसऱ्या पालकाला फोन लावतो, आणि तिथून जो आकडा मिळतो तो पुष्कळदा भलत्याच इयत्तेचा असतो.

सरांनी आकडे सांगितले. आठवी ९०० वरून १,०००, नववी १,००० वरून १,१५०, दहावी १,३०० वरून १,५००, सगळे दरमहा. मी तीन ओळींचा तक्ता मांडला: इयत्ता, जुनी फी, नवी फी. सरांना आवडला. "झालं की," म्हणाले.

झालं नव्हतं. ही सूचना जाणार कोणाला, हे मी विचारलं. फेब्रुवारीत क्लासला असलेली दहावीची मुलं बोर्डाची परीक्षा देऊन निघून जाणार. त्यांच्या पालकांना नव्या फीशी काही देणंघेणं नाही. जूनमध्ये आठवीला येणारी मुलं अजून आलेलीच नाहीत. म्हणजे वाचणारे उरले दोनच गट, आत्ता आठवीत असलेल्या २६ मुलांचे पालक आणि आत्ता नववीत असलेल्या ३० मुलांचे पालक. ह्या दोन्ही गटांना आमचा तो सुबक तक्ता फसवणार होता.

नववीतल्या मुलाचे वडील तक्ता बघताना कुठली ओळ बघतील? नववीची. मुलगा नववीत आहे ना! तिथे १,१५० दिसेल, १५० रुपयांची वाढ आहे म्हणून ते मान हलवतील आणि विसरून जातील. मे महिन्यात दहावीची सुट्टीतली बॅच सुरू होईल आणि सर १,५०० मागतील. त्या घरातून आत्ता जातात १,०००, म्हणजे खिशातून जादा जाणार ५००. तक्त्यातल्या कुठल्याही ओळीत ५०० हा फरक नाही. तरी तक्ता खोटा म्हणता येत नाही, कारण तो इयत्तेची फी सांगतो. पालक फी देतो ती मात्र मुलाची, आणि मूल एका ओळीतून पुढच्या ओळीत सरकतं. आठवीचंही तेच. आत्ता ९००, जूनपासून १,१५०, फरक २५०. त्यातले १०० मूल वरच्या वर्गात गेल्याचे, ते फी वाढली नसती तरी द्यावेच लागले असते. उरलेले १५० ही खरी वाढ.

सर थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दर मे महिन्यात दोन-चार जण भांडतात ते ह्यावरूनच." भांडणाऱ्यांना सर आजवर विसरभोळे समजत होते.

मग आम्ही तक्ता टाकून दिला आणि दोन वेगवेगळ्या सूचना करायचं ठरवलं, एक आत्ताच्या आठवीच्या पालकांना, एक आत्ताच्या नववीच्या. प्रत्येकीत फक्त त्या घराला लागणारे आकडे. सरांना सुरुवातीला हे दुप्पट काम वाटलं. पण टायपिंग माझं होतं, आणि पाठवायला फोनमध्ये दोन याद्या त्यांच्याकडे आधीपासून होत्याच.

टक्क्यांचाही विषय निघाला. सरांच्या मनात होतं की "केवळ १० ते १५ टक्के वाढ" असं लिहावं, ऐकायला बरं वाटतं. मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. आठवीची वाढ ११ टक्क्यांच्या आसपास येते, नववीची बरोबर १५ आणि दहावीची १५ च्या थोडी वर. म्हणजे १० कुठेच नाही आणि १५ ओलांडलेलं आहे. तेही जाऊ द्या. टक्के वाचून पालकाला घरी बसून गुणाकार करायला लागतो, आणि आपण मुळात कशाचे टक्के म्हणतोय हे त्याला कळेलच असं नाही. रुपये लिहिले की काम भागतं. "अल्पशी" हा शब्द त्याच कारणाने गेला. वाढ अल्प की भरमसाट हे देणाऱ्याने ठरवायचं.

आता महिना. "नवीन सत्रापासून" हे वाक्य सरांना अगदी स्पष्ट वाटत होतं. त्यांच्या डोक्यात सत्र म्हणजे जून. पण शाळेत पहिलं सत्र आणि दुसरं सत्र असतं, दुसरं दिवाळीनंतरचं. आणि दहावीचा क्लास तर मेमध्येच सुरू होतो. ज्या पालकाला दिवाळी सोयीची आहे तो दिवाळी धरणार, आणि त्याला चूक म्हणायला सरांकडे कागद नाही. म्हणून महिन्याचं नाव आणि साल. आठवीतून नववीत जाणाऱ्यांना जून २०२५, नववीतून दहावीत जाणाऱ्यांना मे २०२५.

पण महिन्याचं नाव लिहूनही एक फट राहते, ती मला दुकानातल्या पावती पुस्तकांमुळे माहीत आहे. काही क्लास महिन्याची फी त्याच महिन्यात आगाऊ घेतात, काही महिना संपल्यावर घेतात. "जूनपासून" म्हणजे जूनमध्ये जे पैसे देतो ते, की जून महिन्याच्या शिकवणीचे? महिना संपल्यावर फी देणारा पालक जूनच्या पहिल्या आठवड्यात उरलेली जुनी रक्कम देतो आणि क्लासवाल्याला वाटतं ह्याने सूचना वाचलीच नाही. सर चालू महिन्याची फी १० तारखेपर्यंत घेतात. तर तेच लिहायचं: जूनची फी, १० जूनपर्यंत. मधल्या महिन्यांचंही एका ओळीत सांगून टाकायचं. मार्च-एप्रिल जुन्याच दराने, मेमध्ये आठवीला सुट्टी, म्हणून फी नाही. ही ओळ फालतू वाटते, पण नसली तर मेमध्ये फोन येतात.

दोन घरांनी मात्र जूनपर्यंतची फी आधीच भरून ठेवली होती. त्यांच्यासाठी सूचनेत एक वाक्य घालावं का, असं सरांनी विचारलं. मी नको म्हटलं. दोन घरांसाठी बाकीच्या चौपन्न घरांना जास्तीचं वाक्य वाचायला लावायचं कशाला? त्यांना फोन करा, आणि भरलेल्या महिन्यांचा फरक मागू नका. सर म्हणाले, मागणारच नव्हतो.

कारणावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मला वाटतं तो सार्थकी लागला. मूळ मजकुरात पाच कारणं होती: महागाई, भाडं, वीज, कर, इतर खर्च. पाच कारणं एका दमात आली की वाचणारा समजतो, खरं कारण ह्यात नाही. मी एकेक धरून विचारत गेले. वीजबिल किती वाढलं? फारसं नाही, हॉलला पंखे आणि ट्यूबलाइट, एसी नाही. कर कुठला? सर थांबले. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो हे त्यांनी ऐकलं होतं, आणि मोठ्या कोचिंगच्या पावतीवर तो दिसतोही. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली की नोंदणीची सक्ती नसते. सरांची नवी फी धरूनही महिन्याला ९६,९०० जमणार, म्हणजे वर्षाला १२ लाखांच्या आतच. नोंदणी नाही तर जीएसटी आकारताही येत नाही. मग "कर" हा शब्द तिथे ठेवला तर एखादा जाणता पालक उद्या जीएसटी क्रमांक मागेल. काढला.

राहिली दोन कारणं. हॉलचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, तो नवा करताना मालकाने भाडं महिन्याला ४,००० ने वाढवलं. दुसरं, विज्ञानासाठी सरांनी एक मॅडम नेमल्या, आठवड्यातून तीन दिवस, मानधन ८,०००. ही दुसरी गोष्ट तर सूचनेत नव्हतीच! मुलांना विज्ञानाला स्वतंत्र शिक्षिका मिळणार, आणि सर लिहिताहेत "आनुषंगिक खर्च".

मग मी त्यांना एक हिशेब करायला लावला, सूचनेत छापायला नव्हे, फक्त आमच्या खात्रीसाठी. पुढच्या वर्षी आठवीला साधारण २२ मुलं येतील असं सर धरतात. त्यांचे शंभर-शंभर म्हणजे २,२००. नववीत २६, दीडशेने ३,९००. दहावीत ३०, दोनशेने ६,०००. बेरीज १२,१००. वाढलेला खर्च ४,००० आणि ८,०००, म्हणजे १२,०००. जुळलं. कारण आणि वाढ एकमेकांना धरून आहेत की नाही हे असं दोन मिनिटांत कळतं. वाढीतून तीस हजार येत असते आणि खर्च बाराच वाढला असता, तर कारणाची वाक्यं कितीही घोटली तरी पहिला हिशेबी पालक ते उघडं पाडतो. अशा वेळी "माझं स्वतःचं मानधन मी वाढवतोय" असं सरळ लिहावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आजवर एकाही क्लासवाल्याने माझ्याकडून हे वाक्य टाइप करून घेतलेलं नाही.

भाड्याचा आकडा सूचनेत घालायला सर तयार नव्हते. कारण विचारलं तर हसले. हॉलमालकांचा मुलगा नववीतच आहे, म्हणाले. ४,००० हा आकडा छप्पन्न घरांत गेला की मालकांच्या घरी सत्कारच व्हायचा. मलाही तो आकडा घालावासा वाटत नव्हता, पण वेगळ्या कारणाने. खर्चाचे आकडे छापले की पालक आकड्यांवर वाद घालतात, मॅडमना आठ कशाला, सहात मिळाल्या असत्या, वगैरे. पालकाला कारण पुरतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येण्यासारखं असलं की. मॅडम येतात की नाही हे मुलं घरी सांगतीलच.

शेवटी आठवीच्या पालकांसाठी ठरलेला मजकूर हा:

"नमस्कार. जूनमध्ये आपलं मूल नववीत जाईल. जून २०२५ पासून नववीची फी दरमहा १,१५० रुपये असेल.

सध्या आपण आठवीची फी दरमहा ९०० रुपये भरता. नववीची फी यंदा १,००० रुपये होती. ती आम्ही १५० रुपयांनी वाढवत आहोत. कारणं दोन: विज्ञान शिकवायला जूनपासून स्वतंत्र शिक्षिका येणार आहेत, आणि क्लासच्या हॉलचं भाडं वाढलं आहे.

जूनची फी १० जूनपर्यंत भरावी. मार्च आणि एप्रिलची फी ९०० रुपयेच आहे. मे महिन्यात आठवीला सुट्टी असल्याने फी नाही. एकाच घरातली दोन मुलं क्लासला असतील तर धाकट्याला पूर्वीप्रमाणे १०० रुपये सवलत राहील.

काही विचारायचं असल्यास रात्री ८ नंतर फोन करावा."

नववीच्या पालकांचा ह्याच चालीवर, फक्त मे २०२५, सध्या १,०००, दहावीची फी यंदा १,३००, आता १,५००. सरांच्या मिसेसनी फोनवर ऐकून एक वाक्य बदलायला लावलं. मी आधी "वाढ करण्यात येत आहे" लिहिलं होतं, हाताला सवय. त्या म्हणाल्या, "करण्यात येत आहे म्हणजे कोण करतंय? महानगरपालिका?" तिथे "आम्ही वाढवत आहोत" आलं.

सरांची एकच हळहळ उरली, मजकूर कोरडा झाला. "सप्रेम" गेलं, "सहकार्य कराल ही अपेक्षा" गेलं. मी त्यांना "नमस्कार" दाखवला. पालकाला "आपण" म्हटलंय, फोनची वेळ दिली आहे, सवलत कायम असल्याचं सांगितलंय. आदर ह्यात आहे. सहकार्याची अपेक्षा आधीच लिहून टाकली की समोरच्याला नाही म्हणायची वाट बंद केल्यासारखी वाटते.

दुकानात तेव्हा एक बाई अधिवास दाखल्याच्या झेरॉक्ससाठी थांबल्या होत्या. त्यांचं मूल ह्या क्लासला नाही, त्यामुळे त्यांना आधीचं काही ठाऊक नव्हतं. मी प्रिंट त्यांच्या हातात दिली, एकदा वाचायला सांगितली आणि परत घेतली. मग विचारलं, किती द्यायचे, कधीपासून, कशामुळे वाढली. "साडेअकराशे, जूनपासून, सायन्सला मॅडम येणार म्हणून," त्या म्हणाल्या. भाडं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. चालेल. पण लगेच त्यांनीच विचारलं, "आणि मेचे द्यायचे नाहीत ना?" ती ओळ राहू द्यायची की काढायची, हा वाद तिथेच मिटला.

पाठवायचं कसं, ह्यावर मी थोडी हट्टाला पेटले. सरांना सरस्वतीचं चित्र आणि नक्षीची चौकट असलेली इमेज हवी होती. इमेज फोनवर बारीक दिसते, आणि जूनमध्ये पालकाने चॅटमध्ये "फी" शोधलं तर ती सापडत नाही. साधा मजकूर सापडतो. त्यासाठी तो युनिकोडमध्ये हवा. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून फोनमध्ये टाकला की नुसती चिन्हं दिसतात, हे पाहून मी कित्येकांना परत पाठवलंय. शिवाय आकडा आणि महिना पहिल्या दोन वाक्यांत असल्यामुळे न उघडताही वरच्या वर वाचता येतो. क्लासच्या ग्रुपवर टाकू नका, हेही सांगितलं. तिथे पहिला हात जोडलेला इमोजी आणि दुसरी घासाघीस, आणि मजकूर वर निघून जातो. ब्रॉडकास्ट यादी चांगली, पण ज्या पालकाने सरांचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. म्हणून ज्यांच्या नावापुढे दोन टिकमार्क दिसणार नाहीत त्यांना वेगळा पाठवायचा.

सूचना कळली की नाही हे उत्तरांवरून समजत नाही. "ओके सर" सगळेच लिहितात. ते कळतं जूनच्या पहिल्या दहा दिवसांत, सरांच्या क्यूआर कोडवर जमा झालेल्या रकमांवरून. ९०० आले तर पालकाने काहीच वाचलं नाही, १,००० आले तर त्याने गेल्या वर्षीचा नववीचा दर कोणाकडून तरी ऐकला, १,१५० आले तर वाचलं. सरांच्या मिसेसनी ते वहीत टिपून ठेवलं होतं. नव्वद टक्के वगैरे सांगत नाही, पण दीडशे रुपयांसाठी मागे लागावं लागलेली घरं ह्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. एका वडिलांनी फी जास्त आहे म्हणून मुलीला काढलं. त्यांना वाढ चांगली समजली होती, परवडत नव्हती. सरांनी त्यांना हप्ते करून देतो म्हटलं, पण ते तयार झाले नाहीत.

एक भानगड मात्र शेवटी निघाली. आठवीच्या नव्या प्रवेशाचे अर्ज गेल्या वर्षीचेच, मीच छापलेले, आणि त्यांवर फी ९०० छापलेली. गठ्ठ्यात शंभरावर अर्ज शिल्लक होते. सर पेनाने खोडून १,००० लिहिणार होते. खोडलेला आकडा बघितला की नवा पालक घासाघीस करतो. म्हणून मी शेजारच्या शिक्केवाल्याकडून एक छोटा रबरी शिक्का करवून घेतला, "फी दरमहा १,००० रु., जून २०२५ पासून", आणि जुन्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर तो मारायला सांगितला. पट्ट्या सरांच्या मुलीने कापल्या.